लोणा चढतो कसा, उतरतो कसा

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मामांचं घर आहे. १९८८ साली बांधलेलं, नऊ इंची विटांचं, साधं. नवरात्र संपलं की तिथे रंगारी येतो आणि उत्तरेकडच्या खोलीत शिरला की दरवर्षी तोच प्रश्न विचारतो, "साहेब, लोणा खरवडून पुट्टी मारू का?" मामा दरवर्षी हो म्हणायचे. पुढच्या दिवाळीला पुट्टीचे पापुद्रे खाली आणि भिंतीवर पुन्हा तोच पांढरा कापूस.

कापूस हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. जमिनीवर बसून बॅटरीचा उजेड भिंतीच्या कडेने तिरपा टाका. पांढरा डाग वाटत होता तिथे केसांएवढ्या बारीक तारांचं रान दिसतं. फुंकर मारली की उडतं आणि बोटाला लागलं की ओलसर गार वाटतं. आमच्याकडे याला लोणा म्हणतात, काही ठिकाणी खार फुटला म्हणतात. मी बरीच वर्षं बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे मामींनी एकदा मला सरळ भिंतीसमोर उभं केलं. "तू विटा तपासतोस ना? मग ही बघ."

लोणा कधी दिसतो हे आधी लक्षात घ्यायला हवं. भर पावसाळ्यात भिंत ओली असते, काळपट दिसते, पण पांढरी नसते. पांढरी होते ती ऑक्टोबरच्या उन्हात, हवा कोरडी पडली की. कारण लोणा म्हणजे ओल नव्हे, ओल वाळल्याची खूण. पाणी भिंतीतून चालत येतं तेव्हा त्यात क्षार विरघळलेले असतात. पृष्ठभागावर पोचल्यावर पाणी हवेत उडून जातं. क्षारांना उडता येत नाही, ते तिथेच स्फटिक होऊन बसतात. मिठागरात जे होतं तेच भिंतीवर होतं, फक्त इथे मिठागर उभं असतं.

मामांच्या भागात हे समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी दिल्याने भूजल वर आलं आणि हजारो एकर जमीन क्षारपड झाली. जमिनीखालचं पाणी वर चढतं, उन्हाने उडतं, मीठ मागे राहतं. शेतात घडलं ते शेतकऱ्याला चटकन कळतं. घरात तेच घडलं की मात्र तो रंगाऱ्याला बोलावतो.

भिंतीत एवढे क्षार येतात कुठून? थोडे विटेतच असतात. भट्टीच्या मातीत आणि जळणाच्या कोळशात गंधक असतं. वीट नीट भाजली नाही तर त्यातून तयार झालेले सल्फेट विटेतच राहतात. थोडे सिमेंटमधून येतात, थोडे खाऱ्या बोअरच्या पाण्याने प्लास्टरवर पाणी मारल्याने, कोकणात न धुतलेल्या खाडीच्या वाळूतून. पण हा साठा मर्यादित असतो. म्हणून नव्या घराला पहिल्या एकदोन हिवाळ्यांत पांढरी झाक आली तर घाबरू नये. बांधताना पिलेलं पाणी बाहेर पडताना ती येते आणि कोरड्या ब्रशने झाडत राहिलं की हळूहळू संपते. दर वर्षी तेवढ्याच जोमाने येणारा लोणा वेगळा. त्याच्यामागे कुठूनतरी रोज नवं पाणी येत असतं आणि ते आपल्याबरोबर मातीतले नवे क्षारही आणतं.

जुन्या गोठ्याच्या भिंतींना लागणारा लोणा तर नायट्रेटचा असतो, गोमूत्रातून आणि शेणातून मुरलेला. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक अशाच भिंती आणि गावठाणातली माती खरवडून सोरा काढायचे. ईस्ट इंडिया कंपनीने तो पाटण्याहून जहाजं भरभरून इंग्लंडला नेला, तोफांच्या दारूसाठी.

मामींच्या भिंतीवरचा लोणा मी चमच्यात खरवडून घेतला. हा प्रयोग कुणालाही करता येतो. चमचाभर स्वच्छ पाण्यात ती पूड टाकायची. विरघळली तर क्षार. विरघळली नाही, तर पाणी ओतून त्यावर लिंबू पिळायचं. फसफसली तर तो चुना आहे. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि दगडासारखा चिकटतो. गच्चीच्या स्लॅबखाली लोंबणारी पांढरी टोकं ती हीच. दोन्हीपैकी काही झालं नाही तर बहुधा जिप्सम, आणि कुबट वास येत असेल तर ती बुरशी असू शकते. भिंतीवर थेट लिंबू मात्र पिळू नका, कारण प्लास्टरमध्येही चुना असतो आणि ते कसंही फसफसणारच.

मामींची पूड पाण्यात साखरेसारखी नाहीशी झाली. या भागात असा लोणा बऱ्याचदा सोडियम सल्फेटचा असतो, आणि तो फार खोडकर असतो. सुमारे ३२ अंशांच्या वर किंवा कोरड्या हवेत तो बिनपाण्याच्या पुडीसारखा राहतो. रात्री गारवा आणि दमटपणा आला की त्याचा एकेक रेणू पाण्याचे दहा रेणू पोटात घेतो आणि त्याचं आकारमान तिपटीहून जास्त वाढतं. हे पृष्ठभागावर झालं तर नुसती पांढरी पूड दिसते. पण प्लास्टरच्या किंवा विटेच्या आत, बारीक छिद्रांमध्ये झालं तर ते छिद्र फोडतं. दुपारी आकसणं, रात्री फुगणं, असं शेकडो वेळा झालं की विटेचं अक्षरशः पीठ होतं. तेव्हा बाहेर दिसणारा लोणा कुरूप खरा, पण धोका आत अडकलेल्या लोण्याचा जास्त. मामांच्या घरात पुढे जे झालं ते या एका वाक्यात आहे.

तीन वर्षं पुट्टी झडल्यावर त्यांनी "पक्का" उपाय केला. तीन फुटांपर्यंत जुनं प्लास्टर काढून तिथे एकास चारचं सिमेंट प्लास्टर केलं, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर घातली. खालचा भाग झकास कोरडा दिसू लागला. दुसऱ्या वर्षी लोणा चार फुटांवर उगवला, नव्या प्लास्टरच्या बरोबर वर. मग साडेचार फुटांपर्यंत डाडो टाईल्स लावल्या. लोणा छातीच्या वर गेला. मामा हताश होऊन म्हणाले, "अरे, हा चढतोय की काय!"

चढतच होता. भिंतीत पाणी केशाकर्षणाने वर जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. किती उंच जाईल हे जसं भिंतीच्या छिद्रांवर ठरतं, तसंच वाटेत किती पाणी हवेत उडून जातं त्यावरही. साधारणपणे कमरेच्या आसपास येणं आणि उडणं यांचा तोल साधतो, म्हणून तिथेच पांढरी रेघ उमटते. खाली दाट सिमेंट किंवा टाईल लावून पाण्याची बाहेर पडायची वाट बुजवली की ते आणखी वर चढून वाट शोधतं. पाणी अडवल्याचं समाधान मिळतं आणि प्रत्यक्षात ओली भिंत तेवढी उंच होते. टाईल ठोकून पाहिली तर पोकळ आवाज येत होता. एक काढली, मागे बोटभर जाडीचा ओला पांढरा गाळ.

आता पाणी येतं कुठून, हा खरा प्रश्न. त्या घराला डीपीसी होती. म्हणजे जोत्याच्या माथ्यावर काँक्रीटचा थर आणि त्यावर डांबर, जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून. मामांना ती घातल्याचं पक्कं आठवत होतं आणि तिने तीस वर्षं कामही केलं होतं. शिवाय लोणा चार भिंतींपैकी फक्त उत्तरेच्या भिंतीला होता. जमिनीतलंच पाणी असतं आणि डीपीसी नसती तर चारही भिंती भिजल्या असत्या. नळाची गळती असती तर आडवा पट्टा न दिसता एखादा गोल डाग दिसला असता. तरी आम्ही मुख्य चावी बंद करून रात्रभर मीटर पाहिला, काटा हलला नाही.

दुसरी शंका हवेतल्या दमटपणाची. त्यासाठी फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. कागदाच्या खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल हवेतली, भिंतीकडच्या बाजूला जमले तर भिंतीतली. थेंब भिंतीकडे होते.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते खोलीत आलेच नाहीत. घराच्या उत्तरेच्या बोळात गेले, भिंतीशी उकिडवे बसले, आणि ओळंब्याची दोरी घेऊन जमीन मोजायला लागले. "जोतं कुठाय तुमचं?" त्यांनी विचारलं. जोतं दिसतच नव्हतं. २०१६ साली समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा तो फूटभर वर आला होता. स्कूटर आत घेता यावी म्हणून मामांनी बोळात भर टाकून पेव्हर ब्लॉक बसवले होते. ती भर आता डीपीसीच्याही तीन इंच वर आली होती. म्हणजे बोळातली ओली माती थेट डीपीसीच्या वरच्या विटांना टेकली होती. डीपीसी शाबूत होती, पण तिला वळसा घालायची वाट आम्हीच करून दिली होती. त्यात ब्लॉकचा उतार भिंतीकडे. पावसाचं पाणी आणि स्कूटर धुतलेलं पाणी, दोन्ही भिंतीत. हिशेबही जुळला, २०१६ ला भर आणि दोन वर्षांनी पहिला लोणा.

त्यानंतरची दुरुस्ती कंटाळवाणी होती आणि तिचा बराचसा भाग वाट पाहण्यात गेला. मार्चमध्ये बोळातली भर नऊ इंच खाली उतरवली, म्हणजे जमीन डीपीसीच्या सहा इंच खाली आली. भिंतीलगत दीड फुटाचा चर काढून त्यात खडी भरली आणि उतार गटाराकडे केला. स्कूटरसाठी रस्त्याच्या तोंडाशी छोटा उतार करावा लागला, त्यावरून मामा आजही कुरकुरतात.

मग डाडो आणि प्लास्टर काढलं, लोण्याच्या सगळ्यात वरच्या खुणेच्याही दीड फूट वर जाऊन. विटांमधले सांधे बोटाच्या पेरभर खोल खरडले. इथे दोन गोष्टी मिस्त्रींनी स्वतः उभं राहून करवून घेतल्या. एक, पडलेला राडारोडा त्याच दिवशी घराबाहेर. त्यात मीठ भरलेलं असतं, तो भिंतीशी पडून राहिला किंवा कुणी चाळून परत वापरला तर सगळी मेहनत वाया. दुसरी गोष्ट, पाण्याचा थेंब लावायचा नाही. पोरं पाईप घेऊन आलीच होती. पांढरं दिसलं की धुवायचं, ही आपली सवय. पण धुतलं की मीठ विरघळतं, तहानलेली वीट ते पिते आणि आठवड्याभरात परत बाहेर काढते. आधी कोरडा ताठ ब्रश, खाली कागद पसरून, नाकातोंडाला रुमाल बांधून.

ॲसिडबद्दलही इथेच सांगतो, कारण रंगाऱ्याने बाटली आणली होती. फरशी धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते फक्त चुन्याच्या चिकटलेल्या थरावर चालतं, तेही एका भागाला दहापेक्षा जास्त भाग पाणी, ॲसिड पाण्यात ओतून, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि भिंत आधी व नंतर भरपूर धुऊन. विरघळणाऱ्या लोण्यावर ते मारलं तर सांध्यातला चुना खातं आणि भिंतीत वर क्लोराइडची नवी भर घालतं. म्हणजे लोण्याला खुराकच.

उघडी भिंत मार्च ते मे झाडत राहिलो. पहिल्या आठवड्यात मामींनी सुपात वाटीभर पांढरी पूड गोळा केली, मेच्या शेवटी चमचाभर. जिथे जास्त मुरला होता त्या दोनेक चौरस फुटांवर लेप लावला. कोऱ्या कागदाचा लगदा आणि मुलतानी माती, बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यात कालवून, अर्धा इंच जाड. लेपातलं पाणी विटेत शिरून मीठ विरघळवतं आणि वाळताना ते लेपात ओढून आणतं. लेप वाळून भेगाळला की काढून फेकायचा, तीन वेळा. अख्ख्या घराला हा उद्योग परवडत नाही, देवळातल्या कोरीव खांबाला किंवा जुन्या चित्राच्या भिंतीला तो शोभतो. आमच्याकडे तो माझ्या हौसेपायी झाला हे कबूल करतो.

बाहेरच्या बाजूला मेमध्ये चुन्याचं प्लास्टर केलं, एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली नदीची वाळू. आतली बाजू तशीच उघडी ठेवली, पाहुण्यांच्या नजरा सोसत. ओली भिंत साधारण महिन्याला एक इंच वाळते असा जुना अंदाज आहे. नऊ इंची भिंत, त्यात मधे पावसाळा. घाई करून मेमध्येच आतून प्लास्टर केलं असतं तर आतली ओल त्या नव्या प्लास्टरमधूनच बाहेर आली असती.

पावसाळ्यात एक गंमत दिसली. बोळ कोरडा, पाणी यायची वाट बंद, तरी जुलैत भिंतीवर ओलसर डाग. मामा म्हणाले, झालं, पुन्हा सुरू. पण कारण वेगळं होतं. मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते, आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो, ते आठवा. साध्या मिठाला हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. नायट्रेटचे काही क्षार तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेवर. भिंतीत मीठ उरलं असेल तर पावसाळ्यात ती गळतीशिवायही ओली होते. पाण्याचा बंदोबस्त केल्यावरही खारावलेलं जुनं प्लास्टर काढावंच लागतं ते यासाठी. आमचे डाग ऑगस्टनंतर फिकट होत गेले.

आतलं प्लास्टरही नोव्हेंबरमध्ये चुन्याचंच केलं, वर पुट्टी नाही, ऑइलपेंट नाही, फक्त चुन्याची सफेदी. चुन्याचं प्लास्टर सिमेंटपेक्षा मऊ आणि हवा जाऊ देणारं. उरलेसुरले क्षार विटेत अडकत नाहीत, प्लास्टरमध्ये येऊन बसतात. पाचदहा वर्षांनी खराब झालं तर प्लास्टर जातं, वीट वाचते. उलट वरून चकचकीत वॉटरप्रूफ रंग दिला तर क्षार त्याच्या पाठीमागे साठून तो फुग्यासारखा उचलतात.

ज्या घरांना डीपीसीच नाही त्यांच्यासाठी भिंतीच्या पायथ्याच्या सांध्यात सुमारे १२ सेंटीमीटरवर एक अशी १२ मिलिमीटरची भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेनचं पाणी हटवणारं क्रीम भरतात. विटांच्या सलग सांध्यांच्या भिंतीत ते चांगलं चालतं, मधे राडा भरलेल्या जुन्या दगडी भिंतीत भरवशाचं नाही. आणि ते भिंतीतलं मीठ काढत नाही, म्हणजे प्लास्टर बदलणं सुटत नाहीच.

बोळाच्या टोकाला नवी कंपाउंड भिंत घालायची होती, तेव्हा मामींनी मला विटा तपासायला लावलं. भारतीय मानक IS 3495 मध्ये ही चाचणी आहे आणि ती घरच्या परातीत करता येते. वीट टोकावर उभी करायची, परातीत इंचभर डिस्टिल्ड पाणी, हवेशीर खोली. वीट पाणी पिऊन टाकते आणि वरून उडवते. सगळं पाणी संपलं की पुन्हा तेवढंच घालायचं. तेही संपलं की बघायचं. दहा टक्क्यांपर्यंत पृष्ठभागावर पातळ पांढरं असेल तर थोडा लोणा, निम्म्यापर्यंत असेल आणि पूड पडत नसेल तर मध्यम. त्याच्यापुढे भारी, आणि पापुद्रे सुटायला लागले तर वीट घ्यायचीच नाही. दोन भट्ट्यांच्या पाच पाच विटा मामींच्या पाच पराती अडवून दोन आठवडे उभ्या होत्या. स्वस्त भट्टीच्या पाचपैकी तीन विटा निम्म्याहून जास्त पांढऱ्या झाल्या. त्या हातात घेतल्यावर रंग फिकट होता आणि एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज येत नव्हता, म्हणजे कच्च्या भाजलेल्या. दुसऱ्या भट्टीच्या घेतल्या.

गेल्या दिवाळीला रंगारी आला तेव्हा उत्तरेच्या खोलीत फक्त दाराच्या कोपऱ्यात तळहाताएवढी पांढरी भुकटी होती. मामींनी ती त्याच्यासमोर कुंच्याने झाडली. पुट्टीचा डबा उघडलाच नाही. समोरचा रस्ता पुन्हा वर उचलायचं म्हणतात असं ऐकल्यावर मामांनी बोळातल्या भिंतीवर, डीपीसीच्या सहा इंच खाली, डांबराने एक आडवी रेघ मारून ठेवली आहे.